आवाज जिथे निघतो तिथेच टिपा

मावशींनी साल सांगितलं तेव्हा मला ते स्वच्छ ऐकू आलं होतं, याबद्दल मला आजही खात्री आहे. त्या चिपळूणजवळच्या त्यांच्या घरी, मी पुण्यात, आणि मधे लॅपटॉपवरचा व्हिडिओ कॉल. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या रात्री त्या पाळीवर होत्या. खाटा कशा सरकल्या, कौलं कशी घरंगळली, सगळ्या बाळंतिणींना कडेवरच्या बाळांसकट अंगणात कसं आणलं, हे त्यांनी तासभर सांगितलं. मी कॉलचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. बोलणं छान झालं. मुलाखत लिहून काढायला बसलो तेव्हा पहिल्याच पानावर अडलो. नोकरीला लागले ते साल सांगताना फाइलमध्ये नुसतं 'सष्ट' एवढंच होतं. बासष्ट, पासष्ट, सदुसष्ट, यातलं काहीही असू शकत होतं. भूकंपाचं साल पुस्तकांत सापडतं. मावशी नोकरीला कधी लागल्या हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

ती मुलाखत आम्ही तीन आठवड्यांनी पुन्हा घेतली, आणि या वेळी वेगळ्या पद्धतीने. तीच पद्धत इथे सांगणार आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं जपून ठेवायचं असो, दिवाळी अंकासाठी मुलाखत घ्यायची असो की पॉडकास्ट करायचा असो, पाहुणे दुसऱ्या गावी आणि आपण इथे, अशी वेळ आता सारखी येते.

आधी त्या पहिल्या फाइलमध्ये नेमकं काय झालं होतं ते पाहू. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज सलग वाहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, साधारण सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा एकेक तुकडा, आणि ते तुकडे सुटे सुटे इंटरनेटवरून धाडले जातात. एखादा तुकडा वाटेत हरवला किंवा उशिरा आला, तर त्याची वाट बघत बसायला कॉलला सवड नसते. मग पलीकडचं सॉफ्टवेअर आधीच्या तुकड्यावरून अंदाज बांधून ती जागा भरून टाकतं. एखाददुसरा तुकडा गेला तर कळतही नाही. दहा-बारा ओळीने गेले, तर आवाज यंत्रमानवासारखा होतो किंवा अक्षर गळून पडतं. बोलताना आपलं या गळतीकडे लक्ष जात नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसत असतात, विषय ठाऊक असतो, मेंदू गाळलेल्या जागा आपोआप भरतो. मला 'सदुसष्ट' की 'पासष्ट' जे काही त्या क्षणी ऐकू आलं, त्यात कानांचा वाटा किती आणि अंदाजाचा किती, हे आता सांगता येणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र अंदाज उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून छुपी आहे. कॉलचं सॉफ्टवेअर सतत आवाजाची सफाई करत असतं. पंख्याची घरघर, पावसाचा आवाज ते काढून टाकतं, आणि ते काढताना शब्दांच्या शेपट्याही छाटतं. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतो. 'होतं', 'गेले', 'नव्हते' यांतलं शेवटचं अक्षर श्वासात विरतं, आणि नेमकं तेच सॉफ्टवेअरला गोंगाट वाटतं. 'होते' की 'नव्हते' हा फरक त्यात जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट माझ्याच सवयीची होती. कुणी गोष्ट सांगत असेल तर आपण हुंकार देतो. 'हं', 'अच्छा', 'मग?' असं म्हणत राहणं हे आपल्याकडे ऐकत असल्याचं लक्षण आहे, आणि गप्प बसलं तर सांगणारा थांबतो. पण मावशी स्पीकरवर ऐकत होत्या. त्यांच्या स्पीकरमधून निघालेला माझा आवाज त्यांच्याच माइकमधून परत माझ्याकडे येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर काय करतं, तर माझा आवाज आला की त्यांचा माइक दाबतं. म्हणजे जिथे जिथे मी 'हं' म्हणालो, तिथे तिथे मावशींचा शब्द बुडाला. पहिली फाइल मी पुन्हा ऐकली तेव्हा हे लख्ख दिसलं. बुडालेल्या जवळपास प्रत्येक शब्दावर माझा हुंकार होता.

काही कॉल सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये टिपायची सोय असते. झूममध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये `Record a separate audio file for each participant` अशी ओळ दिसते. ती जरूर चालू ठेवावी, पण तिच्याकडून भलती अपेक्षा करू नये. आवाज वेगळे झाले तरी पाहुण्यांचा आवाज इंटरनेटचा प्रवास करून, सफाई होऊन, मग आपल्याकडे येऊनच टिपला जातो. वाटेत गळलेलं अक्षर वेगळ्या फाइलमध्येही गळलेलंच असतं.

उपाय जुना आहे आणि तो रेडिओवाल्यांचा आहे. पाहुणे दूरच्या शहरात असले की वार्ताहर फोनवर बोलायचा, आणि पाहुण्यांच्या शेजारी एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा. फोन फक्त बोलण्यासाठी. पाहुण्यांचा आवाज त्यांच्याच खोलीत टेपवर उतरायचा, वार्ताहराचा स्टुडिओत. नंतर दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावून जुळवायच्या. याला तिकडे टेप सिंक म्हणतात. आज टेप धरणाऱ्या माणसाच्या जागी पाहुण्यांचा स्वतःचा मोबाईल आहे, एवढाच बदल. कॉल बोलण्यासाठी, रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्या खोलीत. नेटची रेंज गेली, चित्र गोठलं, आवाज यंत्रमानवासारखा झाला, तरी पाहुण्यांच्या समोरच्या रेकॉर्डरला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मावशींची नात घरी होती. कॉलेजात शिकते, हुशार मुलगी. तिच्याशी मी अर्धा तास बोललो, आणि ती अर्ध्या तासाची बेगमी पुढे सगळ्यात कामी आली. पहिला प्रश्न होता यंत्रांचा. कॉल आणि रेकॉर्डिंग एकाच फोनवर करायला जाल तर बहुतेक फोनमध्ये ते जमत नाही. कॉल चालू झाला की माइक कॉलच्या ताब्यात जातो, आणि रेकॉर्डर चालू दिसत असला तरी फाइल मुकी निघते. म्हणून दोन यंत्रं हवीत. कॉल नातीच्या लॅपटॉपवर, रेकॉर्डिंग मावशींच्या मोबाईलमधल्या साध्या रेकॉर्डर ॲपवर. रेकॉर्डिंगचा फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, म्हणजे मधेच कुणाचा फोन येत नाही. फोन पूर्ण चार्ज करून चार्जरवरून काढायचा, कारण चार्जरची बारीक गुणगुण कधी कधी फाइलमध्ये उतरते. जागा किती लागते? रेकॉर्डरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मिनिटाला साधारण 1 एमबी धरा, म्हणजे तासाभराला 60 च्या आसपास. एवढी जागा कुठल्याही फोनमध्ये निघते, पण आधी बघून घ्यावी.

घरात दुसरं यंत्रच नसेल तर? साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. त्या फोनवर बोलायचं आणि स्मार्टफोनवर रेकॉर्ड करायचं. चेहरा दिसणार नाही, पण हाती येणारा आवाज व्हिडिओ कॉलच्या रेकॉर्डिंगपेक्षा कितीतरी चांगला असेल. चित्र आणि आवाज यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर मुलाखत घेणाऱ्याने आवाज निवडावा.

मग खोली. मावशींची बसायची जागा म्हणजे पुढची पडवी. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, समोर रस्ता. अशा जागेत आवाज फरशीवर आणि भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूस विहिरीतून बोलतोय. हा घुमारा एकदा फाइलमध्ये शिरला की तो नीट काढता येत नाही. पंख्याची घरघर बऱ्यापैकी काढता येते, घुमारा नाही. म्हणून जागा निवडताना शांततेइतकाच मऊपणा बघावा. नातीला मी म्हटलं, घरात फिरून प्रत्येक खोलीत एक टाळी वाजव. जिथे टाळीला शेपूट राहणार नाही, ती खोली आपली. ती खोली निघाली आतली, जिथे गाद्या-गोधड्यांची चळत होती आणि कपड्यांचं कपाट होतं. कपाटाची दारं उघडी ठेवली, साड्या आवाज पितात. टेबलावर जाड चादर घडी करून घातली. मावशींना कपाटाकडे तोंड करून बसवलं. फ्रीज दोन भिंतींपलीकडे होता. पंखा मुलाखतीपुरता बंद. कुकर लावायचा तो आधी किंवा नंतर, एवढं नातीने सुनेला सांगून ठेवलं.

पावसाचं मात्र काही करता येत नाही. कौलांवरचा पाऊस सहन होतो, पत्र्यावरचा मुलाखत मोडतो. जुलैतली वेळ आम्ही म्हणूनच सोडून दिली होती.

आता अंतर. सगळ्या गोष्टींमध्ये एकच नीट करता येण्यासारखी असेल तर ही करा. माइक तोंडापासून एक वीत. माणूस माइकपासून दुप्पट लांब गेला की माइकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज 6 डेसिबलने कमी होतो, पण खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर आहे तेवढीच राहते. म्हणजे एका विताच्या जागी दोन हात लांब ठेवलं, तर माणूस मागे पडतो आणि खोली पुढे येते. मोबाईलचा माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड तोंडाकडे यायला हवी. नातीने पाच-सहा जाडी पुस्तकं रचली, वर घडी केलेला नॅपकिन ठेवला, त्यावर फोन उताणा आणि खालची कड मावशींकडे. नॅपकिन महत्त्वाचा. तो नसेल तर टेबलावर ठेवलेल्या हाताची प्रत्येक हालचाल धप्प म्हणून फाइलमध्ये येते.

फोन तोंडासमोर सरळ नको, थोडा बाजूला, गालाच्या रेषेत. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर आहेत. 'भूकंप', 'फार', 'खाट', 'धावलो' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, आणि तो थेट माइकवर आदळला की भप्प असा आवाज होतो. बाजूला ठेवलं की झोत निघून जातो, आवाज तेवढाच येतो. हे तपासायचं असेल तर तोंडासमोर हात धरून 'भाकरी' म्हणून बघा. जिथे झोत लागतो तिथे माइक नको.

आणखी एक गोष्ट नातीलाच सुचली. मावशींच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, आणि त्या हातवारे करून बोलतात. बांगड्या काढायला सांगणं मला जिवावर आलं असतं. नातीने आजीच्या मनगटांवर हातरुमाल गुंडाळला, बांगड्या आत. काम झालं. याच कारणासाठी गळ्याशी लटकणाऱ्या इअरफोनच्या माइकवर रेकॉर्डिंग करू नये. तो पदरावर, मंगळसूत्रावर घासतो आणि सगळ्या मुलाखतीला खरखरीची झालर लागते.

इअरफोन मात्र दोन्ही बाजूंना हवाच, ऐकण्यासाठी. पाहुणे स्पीकरवर ऐकत असतील तर माझा प्रश्न त्यांच्या रेकॉर्डरमध्येही उतरतो. मग दोन फाइली जुळवताना माझा आवाज दोनदा, थोड्या अंतराने ऐकू येतो, आणि नाल्यातून बोलल्यासारखा लागतो. शिवाय मघाशी सांगितलेली ती माइक दाबण्याची भानगड. इअरफोन तारेचा असावा. बिनतारी इअरफोन ऐकायला छान वाटतात, पण त्यांचाच माइक वापरला की बहुतेक वेळा ब्लूटूथ खालच्या दर्जावर उतरतं आणि आवाज साध्या फोन कॉलसारखा दबका होतो. साध्या फोनच्या आवाजात 3,400 हर्ट्झच्या वरचं काही नसतं, आणि 'स'ची सगळी धार त्याच्या वर असते. म्हणून फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होतो. मावशींना दोन्ही कानांत इअरफोन नको वाटत होते, स्वतःचा आवाज विचित्र ऐकू येतो म्हणाल्या. एकाच कानात घातला, दुसऱ्याला चिकटपट्टी लावून तो उशीखाली ठेवला. पुरे होतं.

मुलाखतीच्या दिवशी बोलणं सुरू करण्यापूर्वी एक मिनिटाची चाचणी केली. मावशींनी आदल्या दिवशी काय जेवल्या ते सांगितलं, नातीने ती फाइल लगेच मला धाडली, मी हेडफोन लावून ऐकली. ही चाचणी कॉलवर ऐकून होत नाही. कॉलवर मला नेटचा आवाज ऐकू येतो, रेकॉर्डरचा नाही. फाइलच ऐकायची. काय ऐकायचं? आवाज पोकळ लागला तर फोन लांब आहे. मोठ्याने बोलल्यावर चर्र करून फाटला तर फार जवळ आहे, कारण फोनच्या रेकॉर्डरला आवाज कमी-जास्त करायचं बटण सहसा नसतं, अंतर हेच बटण. आवाज कांबळ्यातून आल्यासारखा दबका असेल तर फोनच्या कव्हरने किंवा नॅपकिनच्या घडीने माइकचं भोक झाकलं गेलं आहे. आमच्याकडे हेच झालं होतं. कव्हर काढलं, आवाज मोकळा झाला. ते एक मिनिट गाळलं असतं तर तासभराचं बोलणं कांबळ्यात गेलं असतं.

माझ्या बाजूला मी वेगळा रेकॉर्डर आणि साधा माइक वापरला. लेव्हल अशी ठेवली की मोठ्याने बोललो तरी काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला काटा टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. जरा हळू टिपला गेला तर नंतर वाढवता येतो. शिवाय कॉलचं रेकॉर्डिंगही चालू ठेवलं. म्हणजे एकूण तीन फाइली: त्यांची, माझी, आणि कॉलची. ही तिसरी फाइल लोक फालतू समजून बंद ठेवतात. ती कशाला लागते ते पुढे सांगतो.

सगळं चालू झाल्यावर मावशींना म्हटलं, आता दोन गोष्टी करायच्या. पहिली, अर्धा मिनिट कुणी काही बोलायचं नाही. ती शांतता लागते. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो, आणि नंतर मधले खोकले, ठसके काढले की त्या जागी निव्वळ पोकळी ठेवून चालत नाही, कानाला खड्डा जाणवतो. तिथे त्या खोलीचीच शांतता भरावी लागते. पंख्याची किंवा रातकिड्यांची सततची गुणगुण कमी करायची असेल तर सॉफ्टवेअरला नमुना म्हणून तीच दाखवायची. दुसरी गोष्ट, एक टाळी. मावशींनी टाळी वाजवली, मग मी. मुलाखत संपल्यावर रेकॉर्डर बंद करण्यापूर्वी दोघांनी पुन्हा एकेक.

मुलाखतीत मी हुंकार देणं सोडलं. सोपं नव्हतं. मावशींना आधीच सांगितलं, मावशी, मी 'हं' म्हणणार नाही, मान हलवीन, तुम्ही सांगत राहा. त्या हसल्या, म्हणाल्या, म्हणजे भिंतीला गोष्ट सांगायची का? पण पाच मिनिटांत त्यांना सवय झाली. व्हिडिओचा खरा उपयोग मला इथे कळला. चेहरा दिसतो म्हणून तोंडाने हुंकार द्यावा लागत नाही. नेट दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी अंगणात रॉकेलचे कंदील लावले तो प्रसंग चालू होता. कॉल तुटला तेव्हा मावशींना ते कळलंच नाही, त्या बोलत राहिल्या, आणि त्यांचा रेकॉर्डर टिपत राहिला. ती सव्वा मिनिटं मी त्या दिवशी ऐकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये ऐकली.

फाइल धाडण्यातही एक फसगत आहे. व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग नेहमीच्या ऑडिओसारखं धाडू नका, आणि फोनसमोर वाजवून त्याचा व्हॉइस मेसेज तर मुळीच करू नका. क्लिपचं चिन्ह दाबून डॉक्युमेंट म्हणून धाडा, म्हणजे फाइल जशी आहे तशी येते. किंवा गूगल ड्राइव्हवर टाका.

आता जुळवणी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. तिन्ही फाइली त्यात एकाखाली एक उघडायच्या. लाटांच्या चित्रात टाळी सुईसारखी उभी दिसते, ती शोधायला काही कष्ट पडत नाहीत. इथे एक चूक बरेच जण करतात. 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकाच वेळी टाळी वाजवायची आणि त्या दोन टाळ्या एकमेकींवर बसवायच्या, असं त्यांना वाटतं. पण आवाज पलीकडे पोहोचायला वेळ लागतो, कधी सेकंदाचा दहावा भाग, कधी पाव सेकंद, कधी त्याहून जास्त. माझा 'तीन' मावशींना उशिरा ऐकू येतो, त्यांची टाळी मला आणखी उशिरा. मग त्या दोन टाळ्या एकावर एक बसवल्या की बोलण्याचा ताल बिघडतो. त्यांचं वाक्य संपल्यावर मी पुढचा प्रश्न उशिरा, अडखळत विचारल्यासारखं होतं.

यासाठी ती तिसरी फाइल. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये मावशींची टाळी आहे, ती मला जेव्हा ऐकू आली त्या क्षणी. मावशींच्या फाइलमधली टाळी तिच्यावर बसवायची. माझ्या फाइलमधली माझी टाळी कॉलमधल्या माझ्या टाळीवर. मग कॉलचा ट्रॅक बंद करून टाकायचा. आता दोन्ही आवाज स्वच्छ आहेत, आणि संभाषण मी जसं अनुभवलं तसंच चालतं. कॉलचा ट्रॅक म्हणजे शिवणकामातला कच्चा टाका. कपडा शिवून झाला की तो उसवायचा, पण त्याच्याशिवाय दोन कापडं सरळ बसत नाहीत.

सुरुवातीची टाळी बसवली आणि मी शेवटच्या टाळीपाशी गेलो. तिथे मावशींची फाइल पाव सेकंद मागे पडलेली होती. दोन टाळ्यांमधलं अंतर कॉलमध्ये 57 मिनिटं 12.40 सेकंद, त्यांच्या फोनमध्ये 57 मिनिटं 12.65 सेकंद. चूक कुणाची नव्हती. प्रत्येक रेकॉर्डरच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत. लाखात पाचाचाच फरक धरला तरी तासाला 0.18 सेकंदाची तफावत पडते. त्यात नेटचा उशीरही मुलाखतभर कमी-जास्त होत राहतो. म्हणून सगळी फाइल ताणून-आवळून बसवण्यापेक्षा मी साधा मार्ग घेतला. दर दहा-बारा मिनिटांनी मावशी जिथे थांबल्या, श्वास घेतला, तिथे ट्रॅक कापला आणि पुढचा भाग कॉलच्या ट्रॅकशी जुळवून किंचित सरकवला. पाच ठिकाणी, प्रत्येक वेळी सेकंदाचा विसावा भाग. शांततेत केलेला एवढा काप कानाला कळत नाही.

तफावत पाव सेकंदाची नसून मिनिटांची असेल, आणि पाहुण्यांचा आवाज जाड, संथ वाटत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. 48,000 च्या वेगाने टिपलेली फाइल सॉफ्टवेअरने 44,100 ची समजून उघडली आहे. तासाची मुलाखत मग पाच मिनिटांहून जास्त लांबते. फाइल खराब नसते, ट्रॅकचा वेग बरोबर निवडला की सगळं जागेवर येतं. हे पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस घाबरतो, म्हणून सांगून ठेवलं.

शेवटचं काम झाडझूड. मावशी बोलत असताना माझा ट्रॅक मुका करायचा, म्हणजे माझ्या खोलीतला खुर्चीचा कुरकुराट त्यांच्या बोलण्याखाली राहत नाही. प्रश्न आणि उत्तर यांमधली जी पोकळी नेटच्या उशिरामुळे पडते, ती थोडी कमी करायची. थोडीच. मावशी आठवत असताना थांबतात ती जागा मात्र मी तशीच ठेवली. ते थांबणं नेटमुळे नव्हतं.

हे सगळं आपोआप करणाऱ्या सेवाही आता आहेत. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवांमध्ये पाहुणे दुवा उघडतात, बोलणं कॉलसारखंच होतं, पण प्रत्येकाचा आवाज त्याच्याच यंत्रावर टिपला जाऊन मागाहून वर चढत राहतो. नियमित पॉडकास्ट करणाऱ्यांना त्या सोयीच्या आहेत. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. बोलणं संपलं तरी फाइल पूर्ण चढेपर्यंत पाहुण्यांनी खिडकी बंद करायची नाही, गावाकडच्या नेटवर याला वेळ लागतो. आणि खोलीचा घुमारा, माइकचं अंतर, बांगड्यांचा आवाज यांवर या सेवांकडे उपाय नाही. ते विताने मोजूनच करावं लागतं.

मावशी नोकरीला लागल्या ते साल पासष्ट. दुसऱ्या फाइलमध्ये पहिल्या चौथ्या मिनिटाला ते स्वच्छ ऐकू येतं, 'पा' सकट.

तुम्ही अशी मुलाखत घेणार असाल तर एवढी विनंती: फाइल तुमच्याकडे आली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेडफोन लावून ऐका, तिची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि तोवर पाहुण्यांना त्यांच्या फोनमधली मूळ फाइल पुसू देऊ नका.